गळक्या बादलीपासून चल-विलगनापर्यंत : दोन तासिकांची पाठयोजना

चल वेगळे करून सोडवता येणारी अवकल समीकरणे शिकवताना पहिले उदाहरण बहुधा घातांकी वाढीचे किंवा क्षयाचे घेतले जाते. त्यातून विद्यार्थ्यांच्या मनात नकळत अशी समजूत रुजते की दर सांगणारे समीकरण सोडवले की उत्तरात e यायलाच हवा. गळणारे भांडे ही समजूत पहिल्याच दिवशी मोडून काढते. येथे उत्तर साधे वर्गपदी असते, भांडे ठरावीक क्षणी खरोखर रिकामे होते, आणि चल वेगळे करताना आपण ज्या राशीने भागतो ती शून्य झाली तर काय बिघडते, हे फळ्यावरच्या सूचनेतून सांगावे लागत नाही, समोर दिसते. पुढील योजना प्रत्येकी सुमारे ५० मिनिटांच्या दोन तासिकांसाठी आहे. विद्यार्थ्यांना साखळी नियम आणि घातांचे समाकलन येते एवढेच गृहीत धरले आहे.

साहित्य आणि आदल्या दिवशीची तयारी

विषय गळक्या बादलीचा असला तरी पहिले मापन बादलीवर करू नये. बादली वर रुंद आणि खाली अरुंद असते, त्यामुळे पाण्याची पातळी उतरेल तसे पृष्ठभागाचे क्षेत्रफळही बदलते आणि एकाच वेळी दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. सरळ उभ्या भिंतीचा, पन्हळी नसलेला पारदर्शक जार घ्यावा. या लेखातील हिशोबासाठी आतला व्यास ९ सेंटिमीटर धरला आहे. जाराच्या तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर, बाजूच्या भिंतीला ४ मिलिमीटर व्यासाचे छिद्र ड्रिलने पाडावे. छिद्र तळालाच पाडले तर पाण्यात भोवरा पडण्याचा संभव असतो, शिवाय अनेक जारांचा तळ सपाट नसल्यामुळे उंची कोठून मोजायची हे ठरत नाही. तापवलेल्या खिळ्याने छिद्र पाडणे सोपे वाटते, पण वितळलेल्या प्लास्टिकची जाड कड तयार होते आणि ते छिद्र आखूड नळीसारखे वागू लागते. ड्रिलनंतर राहिलेली कूस पातळ पात्याने काढून टाकावी.

जारावर कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर उंचीच्या खुणा कराव्यात. शून्याची खूण छिद्राच्या मध्याशी असावी, जाराच्या तळाशी नव्हे. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले तर पुढचा आलेख वाकतो आणि दोष नियमाला दिला जातो. २५, २०, १५, १० आणि ५ सेंटिमीटरच्या खुणा ठळक काढाव्यात. पाणी २७ सेंटिमीटरपर्यंत भरावे आणि घड्याळ २५ च्या खुणेवर सुरू करावे, म्हणजे छिद्रावरचे बोट काढताना होणारी खळबळ मोजणीत येत नाही.

पाण्याची धार कोठे पडेल याचाही विचार आधीच करावा. छिद्र टबातील पाण्यापेक्षा १० सेंटिमीटर उंच असेल, तर सुरुवातीला धार साधारण ३० सेंटिमीटर लांब पडते आणि नंतर जवळ जवळ येत जाते. जार टेबलावर आणि टब जमिनीवर ठेवला तर तीच धार ८० सेंटिमीटरच्या पुढे जाऊन पहिल्या बाकापाशी पडेल. म्हणून जार रुंद टबातच, विटेसारख्या बुटक्या आधारावर, एका कडेला ठेवावा. एका फेरीला दोन लिटरपेक्षा कमी पाणी लागते.

आदल्या दिवशी एक फेरी करून पाहावी. पाणी २५ पासून ५ पर्यंत उतरायला दीड ते अडीच मिनिटे लागत असतील तर छिद्र योग्य आहे. लागणारा वेळ छिद्राच्या व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून ४ ऐवजी ६ मिलिमीटरचे छिद्र घेतल्यास वेळ निम्म्याहूनही कमी होतो आणि खुणा टिपताना धांदल उडते. उलट २ मिलिमीटरच्या खाली गेल्यास पृष्ठताण आणि पाण्याची चिकटाई यांचा प्रभाव वाढतो.

पहिली तासिका : आधी अंदाज, मग मापन, शेवटी नियम

टोरिचेलीचा नियम सुरुवातीलाच फळ्यावर लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. नियम आधी दिला की मापन म्हणजे नुसती पडताळणी होते, आणि आकडे जुळवून लिहिण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो.

वर्गासमोर बोट काढून पाणी २५ पासून २० पर्यंत उतरू द्यावे, वेळ मोजावा आणि छिद्र पुन्हा बंद करावे. समजा १९ सेकंद लागले. आता प्रत्येकाने वहीत एकच आकडा लिहायचा: २५ पासून ५ पर्यंत पाणी उतरायला एकूण किती सेकंद लागतील? यासाठी तीन मिनिटे पुरेशी आहेत. उत्तरे साधारण दोन गटांत पडतात. काही जण पातळी एकसारख्या वेगाने उतरते असे धरून १९ ची चौपट, म्हणजे ७६ सेकंद लिहितात. ज्यांना घातांकी क्षय आठवतो, ते दर उंचीच्या प्रमाणात धरतात. त्यांच्या मते दर सेकंदाचा गुणांक ln(25/20) भागिले 19, म्हणजे सुमारे ०.०११७ येतो आणि एकूण वेळ ln 5 भागिले 0.0117, म्हणजे सुमारे १३७ सेकंद. दोन्ही अंदाज, त्यांमागच्या गृहीतकासह, फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून तसेच राहू द्यावेत.

नंतर जार पुन्हा भरून पाणी स्थिर होऊ द्यावे आणि पूर्ण फेरी घ्यावी. एकाने डोळे पातळीच्या रेषेत ठेवून पाण्याच्या पृष्ठभागाची खालची कड खुणेला टेकताच ‘आता’ म्हणावे, दुसऱ्याने मोबाइलच्या स्टॉपवॉचमधले लॅपचे बटण दाबावे, तिसऱ्याने सुरुवातीपासूनचा एकूण वेळ लिहावा. दर टप्प्याला घड्याळ शून्यावर आणून पुन्हा सुरू करू नये. तसे केल्यास बटण दाबण्यातील चूक प्रत्येक वेळी बेरजेत जाते. एकूण वेळ लिहिला तर चूक त्या त्या नोंदीपुरतीच राहते, आणि वीस सेकंदांच्या टप्प्यात सेकंदाच्या दोन-तीन दशांशांची चूक सहज चालून जाते.

वर सांगितलेल्या मापांच्या जारासाठी अपेक्षित आकडे, पूर्ण सेकंदांत, असे आहेत. प्रत्यक्ष वर्गात त्या दिवशी आलेलेच आकडे वापरावेत.

| उंची h (सेमी) | एकूण वेळ t (सेकंद) |
|---|---|
| २५ | ० |
| २० | १९ |
| १५ | ४२ |
| १० | ६८ |
| ५ | १०२ |

१०२ हा आकडा ७६ आणि १३७ यांच्या मध्ये आहे, आणि पाठाचा गाभा येथेच हाती लागतो. पहिल्या गटाने दर h च्या शून्याव्या घाताइतका धरला होता, दुसऱ्याने पहिल्या घाताइतका. खरे उत्तर दोहोंच्या मध्ये पडत असेल तर घातही ० आणि १ यांच्या मध्ये असावा, हे विद्यार्थी स्वतःच म्हणतात, आणि तसे म्हणेपर्यंत थांबण्याइतका धीर शिक्षकाने धरावा.

आता प्रत्येक टप्प्याचा सरासरी दर काढायला सांगावे: पाच सेंटिमीटर भागिले त्या टप्प्याला लागलेला वेळ. दर सेकंदाला ०.२६३, ०.२१७, ०.१९२ आणि ०.१४७ सेंटिमीटर असे चार दर मिळतात. हे दर टप्प्याच्या मधल्या उंचीने, म्हणजे २२.५, १७.५, १२.५ आणि ७.५ ने भागले तर भागाकार ०.०११७ पासून ०.०१९६ पर्यंत चढत जातात, म्हणजे दर उंचीच्या प्रमाणात नाही. तेच दर मधल्या उंचीच्या वर्गमुळाने भागले तर ०.०५५, ०.०५२, ०.०५४, ०.०५४ असे जवळजवळ सारखे आकडे येतात. कागदावर हे चार आकडे शेजारी शेजारी आल्यावर टोरिचेलीचे नाव घ्यायला हरकत नाही.

इव्हांजेलिस्टा टोरिचेली यांनी १६४४ मध्ये मांडलेला नियम असा की छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग, तेवढ्या उंचीवरून मोकळ्या पडणाऱ्या वस्तूच्या वेगाइतका असतो, म्हणजे √(2gh). ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून तो दोन ओळींत निघतो. त्यात पृष्ठभाग उतरण्याचा वेग नगण्य मानला आहे आणि जाराचे क्षेत्रफळ छिद्राच्या सुमारे पाचशे पट असताना ते रास्तच आहे. मग घनफळाचा हिशोब मांडावा. जाराचे छेदक्षेत्र A, छिद्राचे a आणि धारेच्या आकुंचनासाठीचा गुणांक C असेल, तर

A · dh/dt = −C · a · √(2gh)

सगळे स्थिरांक एकत्र करून

dh/dt = −k√h, जेथे k = C(a/A)√(2g)

पहिली तासिका येथेच थांबवावी. समीकरण सोडवण्याची घाई करू नये, मात्र k चे एकक काय, हा प्रश्न घरी विचार करायला द्यावा. ते सेंटिमीटरचे वर्गमूळ भागिले सेकंद असे येते, आणि हे उत्तर पुढे चुका पकडायला उपयोगी पडते.

दुसरी तासिका : विलगन म्हणजे नेमके काय

पाठ्यपुस्तकी रीत अशी की dh एका बाजूला, dt दुसऱ्या बाजूला न्यायचे आणि दोन्हीकडे समाकलनाचे चिन्ह लावायचे. उत्तर बरोबर येते, पण dh/dt हा अपूर्णांक नाही असे आधीच्या सत्रात बजावून सांगितलेले असताना आता तो सरळ तोडलेला पाहून विचारी विद्यार्थी अडखळतो. त्याची शंका रास्त आहे. म्हणून पहिल्यांदा dt डावीकडेच ठेवून मांडणी करावी. h > 0 आहे तोवर √h ने भागता येते:

(1/√h) · dh/dt = −k

डावी बाजू म्हणजे साखळी नियमाने 2√h चा t सापेक्ष अवकलज आहे. म्हणजे 2√h ही राशी एकसारख्या दराने घटते. दोन्ही बाजूंचे 0 पासून t पर्यंत समाकलन केले की

2√h − 2√h₀ = −kt

√h = √h₀ − (k/2)t

एकदा हे समजले की dh/√h = −k dt ही या कृतीचीच आटोपशीर मांडणी आहे असे सांगून नेहमीची रीत खुशाल वापरावी. समाकलनाच्या मर्यादा सुरुवातीपासूनच लावाव्यात, म्हणजे मोकळा स्थिरांक शेवटी शोधत बसावा लागत नाही.

उत्तर √h च्या रूपातच काही वेळ फळ्यावर राहू द्यावे, लगेच वर्ग करू नये, कारण मापनाशी जोडणारा दुवा याच रूपात आहे: √h आणि t यांचा आलेख सरळ रेषा यायला हवा. कालच्या तक्त्यातून √h च्या किमती ५, ४.४७, ३.८७, ३.१६ आणि २.२४ येतात. आलेखाच्या कागदावर हे पाच बिंदू पट्टीच्या कडेला बसतात. रेषेचा उतार (५ − २.२४) भागिले १०२, म्हणजे सुमारे ०.०२७१ आहे आणि तो k/2 इतका असल्याने k सुमारे ०.०५४ मिळतो. शेजारीच ln h आणि t यांचा आलेख काढून घ्यावा. तो स्पष्टपणे खाली वाकतो, त्यामुळे घातांकी गृहीतक कोठे फसले हे डोळ्यांना दिसते.

आता भाकीत करावे, कारण ज्या आकड्यांवरून k काढला त्याच आकड्यांवर सूत्र जुळते हे दाखवण्यात फारसे काही सिद्ध होत नाही. जारावर २५, १६, ९ आणि ४ सेंटिमीटरवर नव्या रंगाच्या खुणा कराव्यात. या उंचींची वर्गमुळे ५, ४, ३, २ आहेत, म्हणजे प्रत्येक टप्प्यात √h बरोबर १ ने घटते. सूत्र म्हणते की टप्पे ९, ७ आणि ५ सेंटिमीटरचे असले तरी प्रत्येकाला सारखाच वेळ, १ भागिले ०.०२७१ म्हणजे सुमारे ३७ सेकंद, लागेल. ३७, ७४, १११ हे आकडे फळ्यावर लिहून मगच बोट काढावे. एक-दोन सेकंदांच्या फरकाने पाणी त्या खुणा ओलांडते, आणि असमान अंतरे समान वेळात कापली जाताना पाहणे हा या पाठातला सर्वांत बोलका क्षण असतो. खूण १ सेंटिमीटरवर मुद्दाम केलेली नाही. पाणी छिद्राच्या इतके जवळ आले की ४ मिलिमीटरचे छिद्र उंचीच्या मानाने लहान राहत नाही, धार जाराला चिकटून ओघळू लागते आणि नियमाची गृहीतके सुटतात.

भागाकार केला तेथे काय हरवले

भाकीत झाल्यावरच वर्ग करून h = (√h₀ − kt/2)² असे लिहावे आणि विचारावे, ४०० सेकंदांनी पाण्याची उंची किती? बहुतेक जण किंमत घालून सुमारे ३४ सेंटिमीटर असे उत्तर काढतात. रिकामा जार आपोआप भरला, आणि तोही सुरुवातीपेक्षा जास्त! चूक शोधायला वर्गाला पाच मिनिटे द्यावीत.

कारण दोन पायऱ्यांत आहे. √h ऋण असू शकत नाही, म्हणून √h = √h₀ − (k/2)t हे विधान T = 2√h₀/k या क्षणापर्यंतच, येथे सुमारे १८५ सेकंदांपर्यंतच, खरे आहे. वर्ग केल्यावर ऋण चिन्ह दिसेनासे झाले आणि ही मर्यादा झाकली गेली. दुसरे असे की √h ने भागताना आपण h = 0 ही शक्यता वगळली होती, आणि h = 0 हा स्थिर फलनही मूळ समीकरणाचे उत्तर आहेच. पूर्ण उत्तर दोन तुकड्यांचे आहे: T पर्यंत वर्गपदी, त्यानंतर शून्य. सांध्यावर दोन्ही तुकड्यांचा उतार शून्यच असल्याने फलन तेथेही अवकलनीय राहते.

याच्या पुढचा प्रश्न चांगल्या वर्गाला जरूर विचारावा. रिकामा जार पाहून तो केव्हा रिकामा झाला हे सांगता येईल का? येत नाही. आत्ता h = 0 असणारी अगणित उत्तरे आहेत, कोणी दहा मिनिटांपूर्वी शून्यावर पोचलेले, कोणी तासापूर्वी. आरंभीच्या अटीवरून एकच उत्तर मिळण्याची हमी h = 0 पाशी मिळत नाही, कारण √h चा अवकलज तेथे अमर्याद वाढतो. एकमेवतेच्या प्रमेयाची अट कशासाठी असते, हे पुढे शिकवताना याच जाराकडे बोट दाखवता येते.

आकडे बिघडले तर

√h चा आलेख खालच्या टोकाला सपाट होत गेला तर आधी शून्याची खूण तपासावी. ती छिद्राच्या मध्याखाली लागली असेल तर हाच वाक दिसतो. खूण बरोबर असूनही वाक राहिला तर छिद्र फार लहान आहे किंवा त्यात काही अडकले आहे. आलेख आधी सावकाश आणि नंतर अधिक तीव्र उतरला तर जार वर रुंद आहे किंवा शून्याची खूण छिद्राच्या वर गेली आहे. झाकण लावून राहिले असेल तर धार अडखळत, गुडगुडत येते. ते काढून फेरी पुन्हा घ्यावी.

आलेख सरळ आला, पण k अपेक्षेपेक्षा लहान निघाला, तर काही बिघडलेले नाही. C = 1 धरून k ची किंमत (०.४/९)² × √(२ × ९८१), म्हणजे सुमारे ०.०८७ येते, आणि मोजलेली ०.०५४ तिच्या सुमारे ०.६२ पट आहे. पातळ भिंतीतील तीक्ष्ण कडेच्या छिद्रासाठी C साधारण ०.६ असतो, कारण छिद्राबाहेर पडताच धार आकुंचन पावते. जाड भिंतीच्या, आखूड नळीसारख्या छिद्रासाठी तो ०.८ च्या आसपास जातो. मात्र C विषयी फार बारीक दावे करू नयेत. छिद्राचा व्यास ४ ऐवजी ४.२ मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी बदलते आणि तेवढाच फरक C मध्ये पडतो. विलगनाच्या पाठासाठी C ची किंमत महत्त्वाची नाही, आलेख सरळ असणे महत्त्वाचे आहे.

कोणते समीकरण विलग होते, कोणते नाही

व्याख्या आता द्यावी: dh/dt ही राशी ‘फक्त h चे फलन गुणिले फक्त t चे फलन’ अशी लिहिता आली की चल वेगळे करता येतात. लगेच याच जाराचे तीन प्रकार समोर ठेवावेत आणि कोणता विलग होतो हे हात वर करून विचारावे.

पहिल्या प्रकारात छिद्र गाळाने हळूहळू बुजते, म्हणून dh/dt = −k(t)√h. बरेच विद्यार्थी t आलेला पाहून ‘होत नाही’ म्हणतात, पण ते विलग होते. दुसऱ्यात वरून नळाची एकसारखी धार सोडली आहे: dh/dt = q − k√h. येथे t नाहीच, म्हणून तेही विलग होते, फक्त भागाकार q − k√h ने करावा लागतो आणि त्या भागाकारात हरवणारे उत्तर म्हणजे पातळी जेथे स्थिर राहते ती उंची, h = (q/k)². तिसऱ्यात नळ कमी-जास्त होत राहतो: dh/dt = q(t) − k√h. येथे बेरीज-वजाबाकी आड येते, गुणाकाराची फोड होत नाही आणि ही रीत लागू पडत नाही. t असणे-नसणे हा निकष नव्हे, गुणाकारात फोड होणे हा निकष आहे, ते या तिन्हींच्या तुलनेतून ठसते.

गृहपाठ : आता खरी बादली

बादलीच्या तळाची त्रिज्या r₀ आणि उंचीच्या दर सेंटिमीटरला त्रिज्येत होणारी वाढ m घेतली, तर तळाशी छिद्र असताना A(h) = π(r₀ + mh)² होते. समीकरण असे:

(r₀ + mh)² · (1/√h) · dh/dt = −(C·a·√(2g))/π

कंस सोडवून प्रत्येक पदाचे समाकलन केले की डावीकडे 2r₀²√h + (4/3)r₀m·h^(3/2) + (2/5)m²·h^(5/2) येते, आणि ही राशी वेळेबरोबर एकसारखी घटते. h ची किंमत t वरून काढणे येथे किचकट आहे, पण दिलेल्या h साठी t काढणे सोपे, आणि मापनात आपण नेमके तेच केले होते: खूण ठरवून वेळ टिपली. उत्तर अव्यक्त रूपात सोडणे म्हणजे उत्तर अर्धवट सोडणे नव्हे, हे येथे सांगावे. विद्यार्थ्यांनी घरच्या बादलीची मापे घेऊन वेळेचा तक्ता आधी तयार करावा आणि मग मोजावे. दोन्ही तक्ते एकाच कागदावर आणायला सांगावे.

ज्यांचे हे लवकर होईल त्यांच्यासाठी उलटा प्रश्न ठेवावा: पातळी एकसारख्या वेगाने उतरावी, म्हणजे जारावर समान अंतराच्या खुणा करून तो घड्याळासारखा वापरता यावा, यासाठी भांड्याचा आकार कसा हवा? A(h) हे √h च्या प्रमाणात हवे, म्हणून त्रिज्या h च्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढली पाहिजे. त्या आकाराचा बाह्य आलेख काढून त्यावर त्रिज्या आणि उंची यांची निदान चार मापे लिहून आणावीत.